मदत हवी आहे: इअरबड भिजला, आवाज फाटतोय

काल सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पावसात सापडलो. त्यात घामही होताच. तेव्हापासून उजव्या इअरबडचा आवाज दबका येतो आणि व्हॉल्यूम वाढवला की फाटतो. डावा ठणठणीत आहे.

लगेच बंद करून रबरी टिप काढली, कोरड्या सुती कापडाने पुसला आणि जाळी खाली करून पंख्याखाली ठेवला. ओला असताना चार्जिंग केसमध्ये घातला नाही, कारण पिनांना गंज चढतो. घरचे हेअर ड्रायर लाव म्हणतात, पण गरम हवेने आतल्या स्पीकरचा पडदा आणि गोंद बिघडेल अशी भीती वाटते. तांदळात ठेवला तर त्याची भुकटी जाळीत जाईल, म्हणून तेही नको.

२४ तास झाले, थोडाच फरक आहे. जाळीवर घामाचं मीठ सुकलं असेल का? ते पडदा न दुखावता कसं काढायचं? की पडदाच गेला, हे कसं ओळखायचं?