मदत हवी आहे: पांडवलेण्यातल्या ३००० ला शून्यं का नाहीत?

रविवार_कारंजा: काल मुलीला घेऊन पांडवलेणी चढलो. दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे नहपानाच्या जावयाचा लेख आहे. सोबतच्या माहितगारानं त्यातला ३००० कार्षापणांचा आकडा दाखवला. लेक म्हणते, "बाबा, यात शून्यं कुठायत?" खरंच नव्हती. मग शून्य आलं कधी? नववीच्या प्रकल्पात लिहायचंय.

सिडकोकर: सोपंय. शून्य आर्यभटानं शोधलं, इ.स. ४९९. लेणी त्याआधीची.

जुनी_लिपी: लेणी आधीची हे बरोबर, बाकी अर्धंच. उषवदाताच्या कारकुनाला शून्य लागतच नव्हतं. ब्राह्मीत दहा, वीस, शंभर, हजार यांना वेगळ्या खुणा होत्या. हजाराच्या खुणेला तीन जोडले की झाले ३०००. त्याच लेखातलं साल ४२, तेही चाळीसची खूण आणि दोनची खूण.

आर्यभटानं 'स्थानात् स्थानं दशगुणं' म्हटलंय, पण स्वतः आकडे अक्षरांत लिहिले. युगाची ४३,२०,००० वर्षं त्याच्याकडे 'ख्युघृ': खु २०,०००, यु ३,००,०००, घृ ४०,००,०००. यात शून्याची खूण शोधून सापडणार नाही.

शून्याची गरज भासली ती ज्योतिषाच्या श्लोकांत. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त तीच वर्षं 'खचतुष्टयरदवेद' अशी सांगतो. ख म्हणजे आकाश, पोकळी. अशा चार पोकळ्या, मग रद म्हणजे दात, ३२, मग वेद ४. एककाकडून वाचत जा: ४३२००००. इथे रिकामी जागाही तोंडानं म्हणावी लागते, नाहीतर ४३२ च उरतील. शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियमही त्यानंच दिले. शून्य भागिले शून्य मात्र शून्य म्हणाला, तिथे चुकला.

पंचवटी_आजी: आमचे सासरे पंचांग करायचे. साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस. दहाचं कुठे काय होतं त्यात?

जुनी_लिपी: आजी, नेमकं विचारलंत. अपूर्णांकांत साठच चालत राहिले. कोनाच्या अंश-कला बाबिलोनकडून ग्रीकांमार्फत आल्या. दहाची स्थानं पूर्ण संख्यांपुरतीच होती. टिंब देऊन लिहायचे दशांश अपूर्णांक प्राचीन भारतातले नव्हेत, प्रकल्पात ती गल्लत करू नका.

सिडकोकर: मग गोल शून्य पहिलं कुठलं?

जुनी_लिपी: ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा लेख आहे. त्यात बागेची लांबी २७० हात, शून्यासकट. कंबोडियात शके ६०५ चा लेख त्याहून जुना, पण तिथे शून्य म्हणजे ठिपका. बख्शाली हस्तलिखितातले ठिपके आणखी जुने असतील, पण त्या भूर्जपत्रांच्या वयावरून अभ्यासकांत अजून जुंपलेली आहे.

रविवार_कारंजा: आभार. लेकीनं वहीवर वय लिहिलंय: 'वेदचंद्र'.

पंचवटी_आजी: एक्केचाळीस??

जुनी_लिपी: एककाकडून, आजी. चौदा.