वापरलेला कॅमेरा घेतला, पण तो अजून जुन्या मालकाच्या खात्यावर – तुमचे अनुभव सांगा

रानजाई
आई एकटी असते, म्हणून तिच्या हॉलसाठी कुणीतरी वापरलेला फिरणारा वायफाय कॅमेरा घेतला. लेन्सचा गोळा बोटाने वर ढकलला, कार्डाच्या खाचेशेजारचं बारीक बटण पिनने दाबून धरलं. थोड्या वेळाने कॅमेरा बोलला, रीसेट झालं. तरी जोडताना अ‍ॅप सांगतं की हा दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे. आईच्या घरात परक्याची नजर नको. कुणाला हे निस्तरता आलंय का?

माळावरचा
वायफाय बघा. हे कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. माझा ५ वर जोडत होतो, दोन दिवस गेले.

सोल्डरगन
ते खरं, पण इथे तो घोटाळा नाही. नेटच मिळालं नसतं तर "दुसऱ्या खात्याला जोडलेला" हे कळलंच नसतं. बटणाने कॅमेऱ्यातला वायफाय पासवर्ड आणि सेटिंग पुसलं जातं. मालक कोण, ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर, कॅमेऱ्याच्या सिरियल नंबरापुढे असते. ती जुन्या मालकानेच त्याच्या अ‍ॅपमधून 'डिव्हाइस काढा' करून उडवायची. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर नोंद तशीच राहते. आधी ते, मग बटण, मग तुमच्या फोनवर जोडणी.

सुपारी
आम्हाला विकणाऱ्याने समोर अ‍ॅपमधून कॅमेरा काढून दाखवला, तरी अडलंच. मूळ नोंद त्याच्या बायकोच्या खात्यावर होती, याच्याकडे फक्त शेअर केलेला. शेअरवाल्याने काढला तर त्याच्याच यादीतून जातो. तिने काढल्यावर मिनिटभरात जोडला गेला.

तात्या
माझ्या डीव्हीआरचा पासवर्ड विसरलोय, त्यालाही हेच बटण का?

सोल्डरगन
तात्या, ते वेगळं, तुमच्या खात्याचा प्रश्नच नाही त्यात. वेगळा धागा काढा, मॉडेल लिहा.

रानजाई, दुसऱ्या सेवांशी केलेली जोडणीही काढायला सांगा. २०१९ मध्ये गूगलच्या नेस्ट कॅमेऱ्याबाबत उघड झालं होतं की रीसेट केल्यावरही जुन्या मालकाला विंक हबमधून नव्या घरातली चित्रं दिसत होती. गूगलने नंतर ते दुरुस्त केलं.

रानजाई
विकणाऱ्या ताईंना फोन केला. त्यांनी अ‍ॅपमधून काढला, मी पुन्हा बटण दाबलं, जोडला गेला! आणि कार्ड उघडलं तर त्यांच्या बाळाच्या पाळण्याचं रेकॉर्डिंग तसंच होतं. रीसेटने कार्डाला हातही लागला नव्हता. त्यांना सांगून फॉरमॅट केलं.

केळफूल
माझा विकणारा फोनच उचलत नाही. कंपनीला स्टिकरचा फोटो पाठवला, तर कंपनीवाले मूळ बिल मागतात. ते माझ्याकडे नाही. बिलाशिवाय कुणाची नोंद काढून मिळाली आहे का?

सुपारी
माझ्या भावाला नाही मिळाली. तेव्हापासून आम्ही पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याच्या दारातच, आपल्या हॉटस्पॉटवर कॅमेरा जोडून बघतो.