मदत हवी आहे : 'एक्स' की 'वाय'? उत्तरसूचीशी माझे उत्तर जुळत नाही

डिचोलीचा परीक्षार्थी: सोमवारी व्यवस्थापनाची परीक्षा आहे. सराव चाचणीतील 14व्या प्रश्नात व्यवस्थापक 'थिअरी एक्स'चा की 'थिअरी वाय'चा हे ओळखायचे आहे. मी 'वाय' लिहिले, तर उत्तरसूचीत 'एक्स' आहे. व्यवस्थापक अत्यंत मायाळू आहे, मग तो 'एक्स' कसा? कृपया लवकर सांगावे.

म्हापसेकर: युक्ती सोपी आहे. कामगार आळशी असतील तर एक्स, कष्टाळू असतील तर वाय.

फोंड्याची निवृत्त शिक्षिका: प्रश्न जसाच्या तसा लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार, बाळा?

किनाऱ्यावरचा हॉटेलवाला: आमच्याकडे चतुर्थीला अर्धे कर्मचारी गावी जातात. यंदा मी आधीच जादा पगार कबूल केला, तरीही गेले. थिअरी कोणतीही असो, पाळीला माणूस मिळत नाही हे खरे.

डिचोलीचा परीक्षार्थी: क्षमस्व. प्रश्न असा आहे : "स्वयंपाकघराचा प्रमुख कोणावरही ओरडत नाही, दर शनिवारी मिठाई वाटतो आणि सर्वांना लवकर सोडतो, कारण त्याच्या मते, खूश ठेवले नाही तर हे लोक कामाला हातच लावणार नाहीत."

फोंड्याची निवृत्त शिक्षिका: उत्तर त्या 'कारण'नंतर आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ डग्लस मॅकग्रेगर यांनी 1960 साली एक्स-वायची ही मांडणी केली, ती कामगारांच्या दोन जातींची नव्हे, तर व्यवस्थापक कामगारांविषयी काय गृहीत धरतो याची. म्हणून म्हापसेकरांची युक्ती इथे फसते. या प्रमुखाच्या मनात माणसाला काम नकोसेच असते, फक्त छडीऐवजी त्याच्या हातात पेढा आहे. मॅकग्रेगर यांनी एक्सचे कठोर आणि मवाळ असे दोन्ही अवतार सांगितले आहेत, आणि हा मवाळ आहे. त्याच स्वयंपाकघरात प्रमुखाने आचाऱ्यांनाच वाया जाणाऱ्या मासळीचे प्रमाण किती कमी करायचे ते ठरवू दिले, रोजची नोंद त्यांच्याकडेच सोपवली आणि हे ध्येय त्यांना आपले वाटले तर ते स्वतःवर लक्ष ठेवतील असे मानले, तर तो वाय. मग शनिवारी मिठाई असो वा नसो.

म्हापसेकर: म्हणजे वायमध्ये कोणी जाब विचारायचाच नाही?

फोंड्याची निवृत्त शिक्षिका: विचारायचा. वाय म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. मासळी ठरल्यापेक्षा जास्त वाया गेली तर हिशेब आचाऱ्यांनीच मांडायचा.

डिचोलीचा परीक्षार्थी: आता 14वा पटला. पण 17व्यात एवढेच आहे : "पर्यवेक्षिका नव्या कामगारांचे काम दर तासाला तपासते." कारण दिलेलेच नाही. उत्तरसूचीत 'एक्स'.

म्हापसेकर: कडक तपासणी म्हणजे एक्सच.

फोंड्याची निवृत्त शिक्षिका: नवखे आहेत, शिकवण्यासाठीही तपासत असेल. मला हा प्रश्नच सदोष वाटतो. पण परीक्षेत असा आला तर गुण एक्सलाच मिळण्याची शक्यता अधिक.

किनाऱ्यावरचा हॉटेलवाला: तासाला तपासायला तरी माणूस हवा ना!