एक्झिट इंटरव्ह्यूत तुम्ही काय सांगितलंत आणि वर काय पोचलं? (अनुभव धागा)

अनुजा_के

मंडळी, भाच्याने गेल्या आठवड्यात नोकरी सोडली. दोन वर्षं रोज रात्री जेवताना लाइनवरच्या कटकटी सांगायचा आणि एक्झिट फॉर्मवर लिहून आला, 'पर्सनल रीझन्स'. ते ऐकल्यापासून चाकणचं एक जुनं काम डोक्यात घोळतंय.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, मी तिथे एचआरमध्ये होते. सहा महिन्यांत १९ जण सोडून गेले, त्यातले १४ मशीन शॉपचे. एक्झिट इंटरव्ह्यूंचा जो सारांश संचालकांकडे गेला तो एक तक्ता होता: चांगली संधी ११, घरगुती ४, पगार ३, इतर १. मागे सगळ्यांचे शेरे जसेच्या तसे जोडलेले, त्यात एकाचं प्लांट हेडला शिव्या घालणारं चार पानी पत्र. बैठकीचा बराचसा वेळ हे पत्र कोणाचं यातच गेला. शेवटी 'शेजारची कंपनी जास्त देते, आपण काय करणार' असं म्हणून विषय संपला. मग साहेबांनी तो कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, यातलं रडगाणं वेगळं काढ आणि जे पुन्हा पुन्हा येतंय ते वेगळं लिही.

मी कारणाचा रकाना बाजूला ठेवला. आमच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, 'सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं?' कारण विचारलं की माणूस सभ्य उत्तर देतो, कधी विचारलं की प्रसंग सांगतो. मशीन शॉपच्या सात जणांचा प्रसंग एकाच जातीचा निघाला: रविवारची सुट्टी शनिवारी संध्याकाळी फोनवर रद्द. कोणाचा साखरपुडा हुकला, कोणाची गावची पूजा. हे सातजण वेगवेगळ्या महिन्यांत गेलेले, दोन्ही शिफ्टचे, तीन वेगवेगळ्या सुपरवायझरांच्या हाताखालचे. म्हणजे एकाने दुसऱ्याचं ऐकून लिहिलं असण्याची शक्यता कमी.

मग टाइम ऑफिसमधून मस्टर काढलं. त्या सहा महिन्यांत मशीन शॉप ११ रविवार चालू होतं. सूचना कधी गेली ते मस्टरवर दिसत नाही, पण रविवारी लोकांना आणायला बस लागते आणि बसवाल्याला पाठवलेल्या मागणीच्या कागदावर तारीख आणि वेळ असते. ११ पैकी ९ मागण्या शनिवारी दुपारनंतरच्या.

आता ते चार पानी पत्र. मी पेन्सिल घेऊन बसले आणि नोंदवहीत तपासता येईल अशा ओळींखाली रेघ मारत गेले. चार पानांत सहाच ओळी उरल्या, पण त्यातली एक होती 'माझे चार कॉम्प ऑफ तीस दिवसांत लॅप्स केले', तारखांसकट. बाकी कोणी ते इतकं नेमकं लिहिलं नव्हतं. रजिस्टर उघडलं तर जवळजवळ सगळ्यांचेच लॅप्स झालेले. रविवारी काम करून घेतलं तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते, हा कायदा आहे. तीस दिवसांचा नियम आमच्याच कोणीतरी सिस्टीममध्ये टाकून ठेवला होता.

नव्या सारांशाच्या पहिल्या पानावर एकच मुद्दा ठेवला: 'मशीन शॉपमधून गेलेल्या १४ पैकी ७ जणांनी आयत्या वेळी रद्द झालेला रविवार आणि न मिळालेली बदली सुट्टी सांगितली. मस्टर, बसच्या मागण्या आणि कॉम्प ऑफ रजिस्टर याला दुजोरा देतात.' दुसऱ्या पानावर एकेकट्या तक्रारी, नावाशिवाय, एकेका ओळीत. शिव्या कुठेच नाहीत, मूळ फॉर्म एचआरच्या कपाटात. यावेळी पत्र कोणाचं असं कोणी विचारलं नाही. रविवारचं काम गुरुवारपर्यंत ठरवायचं असा नियम झाला, लॅप्स बंद झालं. पगारासाठी जाणारे जातच राहिले, पण मशीन शॉपची गळती बरीच आटोक्यात आली.

तुमचे अनुभव लिहा. सांगणारे, ऐकणारे, वाचणारे, सगळ्यांचेच.

दुपारची_शिफ्ट

भाच्याचं बरोबरच आहे ताई. रिलिव्हिंग लेटर ज्याच्या हातात त्याच्यासमोर बसून खरं कोण बोलणार? मी पण 'पर्सनल'च लिहिलं. बाहेर आल्यावर वॉचमन काकांना सगळं सांगितलं 😄

सिस्टर_मंगल

आमच्याकडे हॉस्पिटलमध्ये सारांशात दरवर्षी एकच कारण: लग्न. नर्सेस लग्न करून जातात, त्याला मॅनेजमेंट काय करणार. आणि ते खोटंही नव्हतं, जाणाऱ्या मुलींची लग्नं झालेलीच असायची. पण मेट्रननी एक साधी गोष्ट केली, लग्न होऊनही टिकलेल्या कोण त्यांची यादी काढली. बहुतेक सगळ्या ओपीडी आणि डायलिसिसच्या, म्हणजे दिवसपाळीच्या. आयसीयूत लग्नानंतर जवळजवळ कोणीच टिकत नव्हतं, कारण तिथे सलग सात नाइट लागायच्या आणि सासरी सात नाइट कोण चालवून घेणार. मग सात नाइटच्या तीन-तीन करून बघितल्या. पुढचं नंतर लिहिते, कुकर झालाय.

गणेश_नाशिक

एवढा खल कशाला? सोपा नियम आहे. पाच किंवा जास्त लोकांनी म्हटलं तर कारण, त्याखाली रडगाणं. आम्ही एक्सेलला असंच करतो, दहा मिनिटांत होतं.

नाना_वाळूज

गणेशराव, मोजणं हवंच, पण अर्ध्यावर थांबू नका. मी वाळूजला बरीच वर्षं पर्सोनेल सांभाळलं, तिथलं सांगतो. एकदा पेंट शॉपचे पाचजण एका महिन्यात गेले, पाचांची तक्रार शब्दाला शब्द सारखी: कँटीन. चौकशी केली तर पाचही एकाच खोलीवर राहणारे, एकाच ठेकेदाराने एकाच कंपनीत नेलेले. तो एकच आवाज होता, पाच तोंडांनी बोललेला. अनुजाताईंनी महिने, शिफ्ट आणि सुपरवायझर वेगळे आहेत का ते पाहिलं, ते म्हणूनच महत्त्वाचं.

उलटंही होतं. एका ट्रेनीने जाताना सांगितलं की प्रेसचं गार्ड काढून काम करायला लावतात. एकटाच तो. तुमच्या एक्सेलमध्ये तो रडगाण्यात गेला असता. अशी गोष्ट एकाने सांगितली तरी सारांशाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सेफ्टीवाल्याला घेऊन मशीनवर जायचं. बाईमाणसाने छळाबद्दल काही सांगितलं तरी तेच. ते सारांशाच्या कुठल्याच पानावर येत नाही, कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी कसं द्यायचं ते तिला तिथेच सांगायचं, कारण तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे आणि ती तर कंपनी सोडून चाललेली असते.

गणेश_नाशिक

गार्डचं पटलं. पण खोलीवाले पाच कोण हे १२०० माणसांच्या कंपनीत मी कसं शोधणार?

नाना_वाळूज

पूर्ण नाही शोधता येत. निदान पिन कोड आणि रुजू झाल्याची तारीख शेजारी लावून बघा.

भोसरीकर_शेठ

मी पलीकडच्या खुर्चीतला. ४० माणसांचं वर्कशॉप आहे. खरं सांगतो, असा कागद हातात आला की माझी नजर पहिल्यांदा नाव शोधते. 'सीएनसीवरचा एक वरिष्ठ ऑपरेटर' असं लिहिलं तरी मला कळतं, कारण तसा एकच असतो. आणि कळलं की मुद्दा बाजूला राहतो, त्याचा राग येतो. त्यामुळे छोट्या ठिकाणी विभागवार तोडूच नका, वर्षाचं एकत्र द्या. माझी एचआरवाली मुलगी आता शेरे स्वतःच्या वाक्यात लिहिते, कारण बोलण्याच्या लकबीवरूनसुद्धा मी माणूस ओळखतो. तिने तसं केल्यापासून मी मुद्दा शेवटपर्यंत वाचतो.

प्राजक्ता८८

माझा मंगळवारी इंटरव्ह्यू आहे, एचआर राउंड. आधीची नोकरी का सोडली याला काय उत्तर द्यावं? कोणी सांगेल का?

दुपारची_शिफ्ट

@प्राजक्ता धागा उलट्या बाजूचा आहे गं 🙂 पण ऑल द बेस्ट. जुन्या साहेबांना नावं ठेवू नकोस एवढंच.

शेवगा

मला एक अडतंय. आमच्याकडे तीन जणांनी एकाच टीम लीडचं नाव घेतलं. तिघं वेगवेगळ्या वर्षांचे, एकमेकांना ओळखतही नाहीत. पण प्रत्येकाची तक्रार वेगळी. एकाला तो सर्वांसमोर ओरडला, एकाचं अप्रायझल अडवलं, एकीला वर्क फ्रॉम होम दिलं नाही. हे कारण की रडगाणं? मी 'वारंवार' मध्ये टाकलं तर मॅनेजर म्हणाले, घटना वेगवेगळ्या आहेत, काढ.

अनुजा_के

@शेवगा, मी नाव न घालता पहिल्या पानावर ठेवलं असतं: 'एका टीममधून तीन वर्षांत तिघांनी थेट वरिष्ठाच्या वागणुकीमुळे सोडलं.' आणि त्याच आकाराच्या बाकी टीममधून किती गेले ते शेजारी.

नाना_वाळूज

इथे माझं मत वेगळं आहे. तीन वर्षांत तीन म्हणजे फार नाही. तो टीम लीड कडक असेल आणि टीमचं कामही चोख असेल. माणसावर बोट दाखवण्याआधी गेलेल्यांना दोन-तीन महिन्यांनी फोन करा. हिशोब मिळालेला असतो, भीती गेलेली असते, रागही उतरलेला असतो. तेव्हाही त्याचंच नाव आलं तर लिहा.

शेवगा

एक जण उचलत नाहीये. बाकी दोघांना करून बघते.

सिस्टर_मंगल

आले. तीन-तीन नाइट केल्यावर आयसीयूतल्या दोघी राहिल्या. तिसरी गेलीच, नवऱ्याची बदली कोल्हापूरला झाली होती. मेट्रननी ती वेगळ्या रकान्यात लिहिली, कारण रोटा कितीही बदलला तरी ती थांबणार नव्हती. हा रकाना आम्हाला फार उपयोगी पडला. मॅनेजमेंटला वाटायचं सगळ्याच अशा जातात, तो भरल्यावर कळलं की तशा थोड्याच.

भोसरीकर_शेठ

सिस्टर, हे मी उद्याच आमच्या मुलीला सांगतो. काहीही केलं तरी गेलेच असते ते वेगळे. छान आहे.

दुपारची_शिफ्ट

विषय निघालाच आहे तर, माझ्या जुन्या कंपनीने पीएफला एक्झिट डेटच टाकली नाहीये. ट्रान्सफर अडकलाय. एचआर फोन घेत नाही.

नाना_वाळूज

शेवटचं कॉन्ट्रिब्यूशन जमा होऊन दोन महिने झाले असतील तर पोर्टलवर तुम्ही स्वतः टाकू शकता. यूएएनने लॉगिन करा, मॅनेजमध्ये मार्क एक्झिट आहे. आधारला मोबाइल जोडलेला हवा, ओटीपी येतो. तारीख नीट बघून टाका, नंतर बदलायला त्रास होतो.

दुपारची_शिफ्ट

दोन महिने कधीच झाले. शिफ्ट सुटली की करतो. धन्यवाद नाना 🙏