रडण्याच्या सीनसाठी पोराशी खोटं बोलावं का?

यावलकर: यावलजवळच्या गावात शॉर्टफिल्मचं शूटिंग चालू आहे. गावातलाच नऊ वर्षांचा पोरगा घेतलाय. तो शाळेतून घरी येतो, बापाने बकरी विकलेली, खुंटा रिकामा, आणि तो रडतो, असा सीन आहे. चौदा टेक झाले, रडू येत नाही. कॅमेरामन म्हणतो, "तुझी माय आजारी पडली असं सांग, लगेच रडेल." सांगावं का?

धुळेकर: बिनधास्त सांगा. इटलीच्या दिग्दर्शक डी सिकाने 'बायसिकल थीव्हज'च्या वेळी (१९४८) पोराच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकून चोरीचा आळ घेतला होता म्हणतात. ते रडणं लोक आजही बघतात. अचानक घडतं तेच खरं दिसतं. स्पीलबर्गनेही 'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये गोरिला आणि विदूषकाच्या वेशातली माणसं एकदम समोर आणली, म्हणून त्या चिमुकल्याच्या चेहऱ्यावर ते भाव उमटले. पोरं संध्याकाळपर्यंत सगळं विसरतात.

जुना असिस्टंट: विसरत नाहीत. 'स्किपी'च्या (१९३१) वेळी बालकलाकार जॅकी कूपरला रडवायला दिग्दर्शकाने त्याच्या कुत्र्याला गोळी घालायची धमकी दिली. त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. पण पन्नास वर्षांनी, १९८१ ला त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'प्लीज डोन्ट शूट माय डॉग'. गोरिल्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात मुलाचं जवळचं माणूस पणाला लावलेलं नव्हतं. शिवाय खोटं एकदाच चालतं. फोकस चुकला तर दुसरा टेक कुठून आणणार? आणि दुसऱ्या दिवशी पोरगा तुमच्याकडे नीट बघतसुद्धा नाही.

यावलकर, चौदा टेकनंतर तो दर वेळी त्याच जागी हात उचलतोय का? वाक्य संपलं की तुमच्या तोंडाकडे बघतोय का? बापाचं वाक्य चालू असताना याचे ओठ हलतायत का? असं असेल तर तो आता पाठ केलेलं म्हणून दाखवतोय. आजचा दिवस सोडा.

अमळनेरची आई: माझ्या मुलीला एका जाहिरातीत घेतलं होतं. आठ तास बसवून ठेवलं आणि शेवटी डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. २०१७ च्या नियमांत बालकलाकाराला दिवसाला पाचच तास, सलग तीन तासांच्या वर काम नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, वीस टक्के कमाई मुलाच्या नावाने ठेव. तुम्ही परवानगी काढली का?

यावलकर: ताई, आम्ही चौघे मित्र, पदरचे पैसे घालून करतोय. आम्हालाही परवानगी लागते का?

अमळनेरची आई: पैसे कोणाचे ते बघून मुलाचे डोळे कमी चुरचुरतात का? जळगावला जाऊन विचारून या.

जुना असिस्टंट: आता सीनचं बोलू. त्याला "रड" सांगूच नका, काम द्या. शूटिंगच्या आधी चार दिवस ती बकरी त्याच्याच ताब्यात द्या. पाला-पाणी तोच करेल. वाक्य कागदावर देऊ नका. जपानचे दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा मुलांना स्क्रिप्ट देत नाहीत, संवाद सेटवर तोंडी सांगतात. त्यांच्या 'नोबडी नोज'साठी युया यागिराला २००४ ला कान चित्रपट महोत्सवात अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. तुमच्या पोराला अहिराणीत सांगा: दप्तर ठेव, बकरीला पाला टाक, ती नसेल तर शोध. खुंट्याला फक्त दोर राहू द्या.

क्लोजअप पहिल्यांदा घ्या, वाइड नंतर. मोठ्यांबरोबर उलटं चालतं, पण पोराचा ताजेपणा दोन-तीन टेकमध्ये संपतो. लांबची लेन्स लावा म्हणजे कॅमेरा त्याच्या अंगावर येत नाही. क्लॅपची पाटी सुरुवातीला नको, शेवटी उलटी धरा. "ॲक्शन" ओरडू नका. बाप झालेल्या नटाला बाजूला घेऊन सांगा, या वेळी उत्तर देऊ नको, नुसता उठून जा. मग पोरगा आपोआप विचारेल, "मनी बकरी कोठे गई?"

धुळेकर: म्हणजे बापाचं उत्तर लपवायचं. हेही खोटंच झालं की!

जुना असिस्टंट: लपवणं आहे खरं. पण बकरी मागे गोठ्यात आहे, हे त्याला ठाऊक असतं. कट झाल्यावर तो स्वतः जाऊन तिला घेऊन येतो.

धुळेकर: आणि डोळ्यांत पाणी नाहीच आलं तर? बघणाऱ्याला काय दिसणार?

जुना असिस्टंट: तो दोर हातात घेऊन बघेल, तेवढं धरा. नंतर रिकाम्या खुंट्याचा शॉट जोडा. पण याची किंमत आहे: पोरगा दर टेकला वेगळं करतो, कंटिन्युइटी जुळत नाही. दुसरा कॅमेरा नसेल तर जोडायला खुंटा, दोर, बापाची पाठ असे शॉट भरपूर घ्या. आणि वाक्य कानात सांगायचं तर टेक चालू असताना सांगू नका, तुमचा आवाज ट्रॅकवर बसतो.

यावलकर: काल सकाळी दहाच्या आत केलं, नंतर ऊन सोसत नव्हतं. बाप उठून गेल्यावर तो काहीच बोलला नाही. दोर गुंडाळून दप्तरात ठेवला. हे आम्ही लिहिलेलं नव्हतं. रडला नाही. कॅमेरामन अजून म्हणतोय, सीन अर्धा राहिला.

धुळेकर: मलाही तसंच वाटतं. एडिट दाखवा, मग बोलू.