मदत हवी आहे: चुलतभावाकडून स्वस्तात मिळालेले शेअर्स आणि कर

फेब्रुवारी 2025 मध्ये चुलतभावाने घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे 1,000 शेअर्स मला दर्शनी किमतीला, म्हणजे 10 रुपयांना दिले. सीए म्हणतात, नियम 11UA प्रमाणे भाव 240 रुपये येतो, कारण कंपनीची जुनी जमीन रेडीरेकनरच्या दराने धरावी लागते. फरक 2,30,000, तो 50,000 च्या वर असल्याने कलम 56(2)(x) खाली सगळाच माझं उत्पन्न. काकांनी दिले असते तर कर नव्हता, पण चुलतभाऊ कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत बसत नाही. हे मला फार लागलं.

हस्तांतराच्या तारखेचा ऑडिट केलेला ताळेबंद आमच्याकडे नाही, मार्च 2024 चा आहे. तो चालेल का? पुढे विकताना खरेदी किंमत 240 धरता येईल ना? कुणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.