वाक्याच्या शेवटची रिकामी जागा

"यंत्रमाग कामगारांच्या बैठकीच्या ध्वनिमुद्रणाची टाइप केलेली प्रत आलीय. जागोजागी [अस्पष्ट] आणि [एकदम बोलणे]. सारांश कसा लिहू?"

मराठीत होकार-नकार वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून शेवटची जागा सगळ्यात घातक. सोलापुरातल्या एका चादर कारखान्यातल्या बैठकीत होतं: "मजुरीवाढ दिवाळीनंतर मान्य [अस्पष्ट १४:०५]". (मागे माग चालू, दुसरं काय होणार!) तिथे 'आहे' असेल किंवा 'नाही'. मी लिहिलं: "दिवाळीनंतरच्या मजुरीवाढीचा विषय निघाला, मान्य झाली का, ते १४:०५ला ऐकू येत नाही." पुढे दोघं एकदम बोलले. त्यात "दोन रुपये" स्पष्ट होतं, पण कोण म्हणालं ते कळेना. आकडा ठेवला, कुणाचं नाव लावलं नाही. 'बहुधा' लिहूनही जागा भरू नका. वाचणारा 'बहुधा' विसरतो. तीच गोष्ट पुढे कुणी स्पष्ट बोललं असेल तर मात्र घ्या, त्या वेळेसकट.